चिनी इतिवृत्त: सुरुवात कामाच्या ओळीपासून करा

इंग्रजीत झालेल्या बैठकीचं इतिवृत्त चिनीत लिहायचं असेल, तर पहिल्याच दिवशी अख्खी चर्चा चिनीत उतरवू नका. आधी काम, जबाबदार व्यक्ती आणि मुदत एवढंच पक्कं करा. समजा, बैठकीत कोणी म्हणालं, "आपण पुढच्या शुक्रवारपर्यंत दरपत्रक पाठवून टाकू." ओळ अशी लिहा:

```
事项:向客户发送报价单
责任人:王××
配合:财务部
完成时限:2026年6月12日(周五)18:00前(北京时间)
```

नवख्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते 'आपण'पाशी. चिनी वाक्य कर्त्याशिवायही चालतं, म्हणून कर्ता गळला तरी वाक्य शुद्धच दिसतं आणि काम मात्र कोणाचंच राहत नाही. 责任人 म्हणजे जबाबदार व्यक्ती, त्यासमोर एकाच माणसाचं पूर्ण नाव हवं. बाकीचे 配合 म्हणजे 'सहकार्य' या ओळीत. नाव ठरलं नसेल तर बैठक संपायच्या आत विचारून घ्या, मनाने घालू नका.

मुदतीतही फसगत होते. 周五前 म्हणजे 'शुक्रवारपूर्वी' म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की नाही, यावर वाद होतो. वर्ष, तारीख, वार आणि तास लिहिलेत की प्रश्नच मिटला. 尽快 म्हणजे 'लवकरात लवकर', ही मुदत नव्हे.

पाठवण्यापूर्वी एवढं तपासा:
- ठराव असेल तरच 会议决定, म्हणजे 'बैठकीने ठरवलं'. नुसतं "बघायला हवं" म्हटलं असेल तर 会议建议, म्हणजे 'बैठकीने सुचवलं'.
- प्रत्येक कामात क्रियापद आहे का? 报价单问题 म्हणजे 'दरपत्रकाचा प्रश्न'. त्यातून करायचं काय ते कळत नाही.
- इंग्रजीतली सौजन्याची 'कदाचित', 'जमलं तर' गाळताना बोलणाऱ्याने खरंच होकार दिला होता ना, हे त्यालाच विचारा.

सारणी, क्रमांकन, मसुद्याचे साचे हे सगळं नंतर.