षटकोनी स्पॉट पॅटर्न, d २.५२ आंगस्ट्रॉम: झोन अ‍ॅक्सिस कसा काढायचा?

प्रश्न: "आयर्न ऑक्साइडच्या एका नॅनोक्रिस्टलचा डिफ्रॅक्शन पॅटर्न आहे. सहा स्पॉट षटकोनात, सगळ्यांचा d २.५२ च्या आसपास. मॅग्नेटाइटच्या कार्डवर ३११ मॅच होतोय. सहाही स्पॉट ३११ लिहिले तर झोन अ‍ॅक्सिस काय येईल? हे आपोआप करणारं सॉफ्टवेअर आहे का?"

सहाही ३११ लिहूच नका. झोन अ‍ॅक्सिस नंतर बघू, आधी हे पेन्सिलीने खोडा.

मॅग्नेटाइट क्युबिक आहे, त्यामुळे दोन ३११ मधला कोन काढायला फक्त इंडेक्स लागतात, लॅटिस पॅरामीटरसुद्धा नको. डॉट प्रॉडक्ट भागिले अकरा (९+१+१). ६० अंश हवेत तर डॉट प्रॉडक्ट साडेपाच यायला हवा, आणि पूर्णांकांचा गुणाकार-बेरजेचा खेळ करून साडेपाच कधी आलाय का? साइन कशीही फिरवा, जागा कशाही बदला, येणार नाही. जवळात जवळ येतो तो पाच, म्हणजे ६२.९६ अंश. झालं, सहा ३११ चा षटकोन मॅग्नेटाइटमध्ये असूच शकत नाही.

हे एवढं तावातावाने लिहितेय कारण हाच पॅटर्न, हाच d, हेच कार्ड यावरून आमच्या लॅबमध्ये महाभारत झालं होतं. हायड्रोथर्मलने मॅग्नेटाइट करायचं आणि हवेत थोडं तापवायचं असं काम होतं, टीईएमचा स्लॉट दुसऱ्या संस्थेत मिळायचा तोही पैसे भरून, त्यामुळे जे फोटो आले ते सोनं. त्यात एक सुंदर पातळ षटकोनी प्लेट, एकटीच कार्बन फिल्मवर पडलेली, आजूबाजूला काही नाही. लॅबमधले एक सिनियर, सगळे त्यांना दादा म्हणायचे, त्यांनी समोरासमोरच्या स्पॉटमधलं अंतर मोजलं, अर्धं केलं, उलटं केलं, कार्ड उघडलं आणि सहा ठिकाणी ३११ चिकटवून टाकलं. बाहेरच्या रांगेतल्या स्पॉटचा d १.४५ येत होता, कार्डवर ४४० चा १.४८४, तर म्हणे "कॅमेरा लेंथची चूक असेल गं, दोन टक्के चालतात." म्हणजे २.५२ मॅच झाला तेव्हा कॅमेरा लेंथ बरोबर आणि १.४५ नाही झाला तेव्हा चूक!

मी फोटो फिजी या इमेज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून परत मोजला. स्पॉटपासून समोरच्या स्पॉटपर्यंतची तीन अंतरं ७.९३, ७.९६ आणि ७.८९ प्रति नॅनोमीटर, म्हणजे d २.५२, २.५१, २.५३. मधले कोन ५९.६, ६०.३, ६०.१. बाहेरचे स्पॉट दोन आतल्या स्पॉटच्या बरोबर मधल्या दिशेला आणि अंतराचं गुणोत्तर १.७३, म्हणजे वर्गमूळ तीन. आता इथे खरी गोष्ट अशी की कॅमेरा लेंथ चुकली तर सगळे d एकाच प्रमाणात चुकतात, गुणोत्तर आणि कोन जागचे हलत नाहीत. म्हणून आधी गुणोत्तर आणि कोन, त्यांच्यावरून जाळीचा आकार ठरवायचा, आणि d फक्त शेवटी, ही जाळी कोणाची हे विचारायला. कार्डवरून सुरुवात करणं म्हणजे उलटा कारभार.

डॉट प्रॉडक्ट फळ्यावर मांडल्यावर दादा गप्प बसतील असं वाटलं होतं. पण माणूस हुशार, त्यांनी लगेच दुसरा डाव टाकला: ठीक आहे, दोन ३११ आणि तिसरा २२२. आणि हा डाव वाईट नव्हता, ते मान्य करायला हवं. (३ १ १) आणि (१ ३ -१) घ्या, बेरीज (४ ४ ०), वजाबाकी (२ -२ २). व्हेक्टरचं गणित चोख बसतं, बाहेरचा ४४० पण जागेवर येतो. झोन अ‍ॅक्सिससाठी क्रॉस प्रॉडक्ट:

```
u = k1*l2 - l1*k2
v = l1*h2 - h1*l2
w = h1*k2 - k1*h2
```

आकडे टाकले की -४, ४, ८ येतात, म्हणजे [-१ १ २]. मॅग्नेटाइटचा एकदम सभ्य झोन अ‍ॅक्सिस. घाईत असलेला कोणीही इथे थांबेल.

पण मग या झोनमध्ये कोन यायला हवेत ६३, ५८.५ आणि ५८.५, आणि तीन d पैकी दोन २.५३ तर एक २.४२. माझ्या मोजमापात तिन्ही d एक टक्क्याच्या आत सारखे, कोन ६० पासून अर्ध्या अंशाच्या आत. प्रोजेक्टर लेन्समुळे पॅटर्न किंचित लंबगोल होतो, त्याने एखाद अंश इकडेतिकडे होईल, तीन अंश नाही. आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे जे दिसत नाही ते. [-१ १ २] मध्ये (४ ४ ०) आहे म्हणजे त्याच रेषेवर निम्म्या अंतरावर (२ २ ०) असणारच, d २.९७, मॅग्नेटाइटचा चांगला ठळक स्पॉट. तसंच (२ -२ २) च्या निम्म्यावर (१ -१ १), d ४.८५. फोटोत २.५२ च्या आत मधला डायरेक्ट बीम सोडला तर काहीच नव्हतं, काळंभोर. ४.८५ वाला बीम स्टॉपरच्या मागे गेला असं एक वेळ म्हणता येईल, पण २.९७ वाला दोन्ही बाजूंनी गायब कसा होईल? पॅटर्न इंडेक्स करताना लोक दिसणाऱ्या स्पॉटना नावं देतात आणि हात झटकतात, त्या झोनमध्ये अजून कोण कोण हजर असायला हवं ही हजेरी कोणी घेतच नाही.

मग हा पॅटर्न कोणाचा? हेमाटाइटचा, [० ० १]. हेमाटाइट हेक्सागोनल सेटिंगमध्ये a ५.०३८, c १३.७७ आंगस्ट्रॉम. ११० चा d म्हणजे a चा निम्मा, २.५१९. मॅग्नेटाइटच्या ३११ पासून (२.५३२) फरक अर्धा टक्का, आणि नेहमीच्या डिफ्रॅक्शन फोटोत d वर एक-दोन टक्के धरावेच लागतात, म्हणजे नुसत्या d वरून या दोघांत निवड करणं शक्यच नाही. बाहेरचा स्पॉट ३००, d १.४५४, कॅमेरा लेंथला शिव्या न घालता बसला. आतला १०० (d ४.३६) का नाही, तर ऱ्होंबोहेड्रल लॅटिसमध्ये -h+k+l ला तीनने भाग गेला पाहिजे, १०० ला जात नाही, ११० ला जातो. म्हणजे आतला काळोखसुद्धा हिशोबात बसतो. (१ १ ०) आणि (-१ २ ०) चा क्रॉस प्रॉडक्ट ० ० ३, म्हणजे [० ० १]. हा क्रॉस प्रॉडक्ट कुठल्याही क्रिस्टल सिस्टिमला चालतो, पण कोनाचं क्युबिक सूत्र हेक्सागोनलला लावू नका, हेही मी लोकांना करताना पाहिलंय. तिथे डॉट प्रॉडक्टमध्ये (h1k2 + h2k1) चा अर्धा भाग मिळवावा लागतो. या जोडीला तो दीड येतो, प्रत्येकाचा स्वतःचा h² + k² + hk तीन, दीड भागिले तीन म्हणजे अर्धा, बरोबर ६० अंश.

मॅग्नेटाइटलाही षटकोन जमतो बरं का, [१ १ १] वरून. पण तिथे सहा स्पॉट २२० चे, d २.९७. २.५२ शी फरक १८ टक्के. एवढी चुकलेली कॅमेरा लेंथ मी तरी पाहिलेली नाही, आणि शंका असेल तर त्याच कॅमेरा लेंथला, त्याच उंचीवर सोन्याच्या पॉलिक्रिस्टलाइन फिल्मच्या रिंग घ्या, १११ ची रिंग २.३५५ ला आली पाहिजे.

दादांचं शेवटचं अस्त्र: "पावडर मॅग्नेटला चिकटते, हेमाटाइट कसं असेल?" अहो, चिकटते ती पावडर, आपण बोलतोय एका प्लेटबद्दल! मिश्रणात थोडंसं मॅग्नेटाइट असलं तरी पावडर चुंबकाकडे धावते, आणि हवेत तापवल्यावर काही भाग हेमाटाइट होणं यात नवल ते काय. एका क्रिस्टलचा पॅटर्न त्या एका क्रिस्टलबद्दल बोलतो, बाकी नमुन्यासाठी एक्सआरडी आहे. हेच उलटंही खरं, तेव्हा माझ्या उत्तरावरून तुमचा अख्खा सॅम्पल हेमाटाइट झाला असं समजू नका. पेपर शेवटी सहा ३११ सकटच गेला, माझं नाव त्यावर चौथं आहे, आणि अजून कोणी ते चित्र दाखवलं की मला चिडायला होतं.

काही गोष्टी राहिल्या. तुमचा क्रिस्टल खरंच एकटा आहे का ते बघा, कारण सिलेक्टेड एरियाचं लहान अ‍ॅपर्चरसुद्धा साधारण शंभर नॅनोमीटरच्या वरचा भाग पकडतं, शेजारी दुसरा कण असेल तर त्याचे स्पॉट मिसळतील, तेव्हा नॅनोबीम डिफ्रॅक्शन घ्यावं. पातळ किंवा फार लहान क्रिस्टलचे रेसिप्रोकल लॅटिस पॉइंट दांड्यासारखे लांबट होतात, त्यामुळे झोनपासून दोन-तीन अंश कलला असला तरी पूर्ण पॅटर्न दिसतो. समोरासमोरचे स्पॉट सारखे ठळक नसतील तर तुम्ही झोनच्या जवळ आहात, बरोबर झोनवर नाही. आणि एका पॅटर्नवरून [० ० १] की [० ० -१] हे सांगता येत नाही, तो प्रश्न विचारणाऱ्या रेफरीला तसंच कळवा.

सॉफ्टवेअर हवंच असेल तर रेसिप्रो फुकट आहे. पण त्याला मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट दोन्हीचे स्ट्रक्चर द्या. फक्त मॅग्नेटाइट दिलंत आणि टॉलरन्स पाच टक्के ठेवलात तर ते निमूटपणे [-१ १ २] काढून देईल, अगदी दादांसारखं. त्यापेक्षा आधी फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून केंद्र आणि १.४५ वाला स्पॉट यांच्या बरोबर मध्ये काही आहे का ते बघा, सहाही दिशांना. तिथे काही सापडलं तर फोटो इथे टाका, परत बसून मोजू.