पालकांचे प्रश्न: गुणांची फोड कशी मागावी आणि वार्षिकला किती लागतील?

मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत नववीत आहे. सहामाहीला गणितात 100 पैकी 42 आले. वर्गशिक्षिकेला पत्र लिहून सविस्तर गुण मागायचे आहेत, पण ती तक्रार वाटू नये. काय लिहू?

तक्रारीचा सूर बहुतेक वेळा ‘इतके कमी कसे?’ या प्रश्नातून येतो. तुम्ही फक्त माहिती मागा आणि ती कशासाठी हवी आहे ते पहिल्या दोन ओळींत सांगून टाका.

गणितात 42 हा एक आकडा नसतो, ती तीन गुणांची बेरीज असते. बीजगणिताची लेखी 40 ची, भूमितीची लेखी 40 ची आणि अंतर्गत मूल्यमापन 20 चे. गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी या अंतर्गत गुणांत मोडतात. प्रगतिपुस्तकात नुसती बेरीज असेल तर मूल नेमके कुठे अडले ते घरी कळत नाही. पत्र असे चालेल:

*आदरणीय बाई,*
*सप्रेम नमस्कार. माझा मुलगा (नाव, तुकडी, हजेरी क्रमांक) याला प्रथम सत्रात गणितात 42 गुण मिळाले आहेत. दुसऱ्या सत्राच्या अभ्यासाची आखणी करण्यासाठी पुढील माहिती मिळाल्यास मदत होईल.*
*1. बीजगणित, भूमिती आणि अंतर्गत मूल्यमापन यांचे वेगवेगळे गुण.*
*2. वार्षिक निकाल दोन्ही सत्रांच्या सरासरीवर लागतो, असे मी समजतो. हे बरोबर आहे का?*
*3. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत पहिल्या सत्राचे धडे येणार आहेत का?*
*शक्य झाल्यास भूमितीची उत्तरपत्रिका शाळेत येऊन पाहू इच्छितो. आपल्या सोयीची वेळ कळवावी.*
*आपला नम्र, (पालकाचे नाव, दूरध्वनी)*

‘त्याला वार्षिकला किती गुण लागतील ते कळवा’ असे यात मुद्दाम लिहिलेले नाही. ती वजाबाकी आपण घरी करू शकतो. बाईंकडून हवा आहे तो नियम, आणि तो ‘असे मी समजतो, बरोबर आहे का’ असा विचारला की त्यांना एका शब्दात उत्तर देता येते. पंचेचाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना हे सोपे पडते आणि उत्तरही लवकर येते. हजेरी क्रमांक मात्र विसरू नका. निकालाची नोंदवही त्याच क्रमाने भरलेली असते.

बाईंनी कळवले: बीजगणित 17, भूमिती 9, अंतर्गत 16. निकाल दोन्ही सत्रांच्या सरासरीवरच लागतो. आम्हाला वर्षअखेर 75 हवेत. दुसऱ्या सत्रात किती पाडावे लागतील?

सरासरी 75 म्हणजे दोन्ही सत्रांत मिळून 200 पैकी 150. त्यातून 42 वजा केले तर 108 उरतात, आणि पेपर 100 चा आहे. म्हणजे 75 यंदा शक्य नाही. मुलाने पैकीच्या पैकी मिळवले तरी सरासरी 71 होते. हे त्याला आजच मोकळेपणाने सांगा. गाठता न येणारा आकडा समोर ठेवून मार्चपर्यंत त्याला रोज हरवत राहणे मला क्रूर वाटते.

आता खाली येऊन पाहू. सरासरी 60 साठी 120 हवेत, म्हणजे दुसऱ्या सत्रात 78. अंतर्गत 17 धरले तर लेखीत 80 पैकी 61 लागतात. सध्या लेखीत 17 आणि 9 मिळून 26 आहेत. तीन-चार महिन्यांत 26 वरून 61 ही फार मोठी उडी आहे. सरासरी 50 साठी 100 हवेत, म्हणजे दुसऱ्या सत्रात 58. अंतर्गत 16 च राहिले तर लेखीत 42 लागतात. बीजगणितात 23 आणि भूमितीत 19 मिळाले की ते झाले. सहामाहीपेक्षा बीजगणितात 6 जास्त, भूमितीत 10 जास्त. मी हेच लक्ष्य धरेन.

उत्तीर्ण होण्याचा हिशेबही सांगतो, कारण तो फसवा आहे. 35 टक्क्यांसाठी 70 हवेत, म्हणजे दुसऱ्या सत्रात फक्त 28. त्यातले 16 अंतर्गत धरले तर लेखीत 80 पैकी 12 पुरतात. कागदावर हे निवांत दिसते. पण 12 गुण मिळवून दहावीत गेलेल्या मुलाला समरूपता आणि वर्तुळ यांचे प्रमेय समजायला फार जड जाते, कारण नववीचे त्रिकोण आणि चौकोन कच्चे राहिलेले असतात.

म्हणून भूमितीची उत्तरपत्रिका पाहणे सगळ्यात महत्त्वाचे. 40 पैकी 9 दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकतात. सिद्धतेचे प्रश्न कोरे सोडले असतील तर प्रमेये पाठच नाहीत किंवा समजलेली नाहीत. प्रश्न लिहिले आहेत, पण पक्ष, साध्य आणि प्रत्येक पायरीपुढचे कारण गाळले असेल तर मुलाला विषय येतो, मांडणी येत नाही. दुसऱ्या प्रकारचे गुण लवकर परत मिळतात. रोज एक सिद्धता कारणांसह वहीत लिहून घ्या आणि आठवड्याने विषयशिक्षकांना दाखवा.

मुलगी सातवीत आहे. प्रगतिपत्रकात विज्ञानाला नुसते ‘ब-2’ आहे. गुण मागता येतात का? ‘ब-1’ साठी किती हवेत?

मागता येतात. श्रेणी गुणांवरूनच काढलेली असते. ब-2 म्हणजे 61 ते 70, ब-1 म्हणजे 71 ते 80. सातवीला आकारिक मूल्यमापन 40 गुणांचे आणि संकलित 60 गुणांचे असते. पत्रात हे दोन आकडे वेगळे मागा.

ते वेगळे का, हे एका उदाहरणाने लक्षात येईल. एका मुलीचे आकारिक 34 आणि संकलित 29, दुसरीचे आकारिक 24 आणि संकलित 39. दोघींची बेरीज 63, दोघींना ब-2. पहिली वर्गात बोलते, प्रयोग करते, प्रकल्प वेळेवर देते, पण लेखी परीक्षेत अडते. दुसरी लिहिते छान, पण प्रकल्प, तोंडी काम किंवा स्वाध्याय राहून गेला आहे. पहिलीला 71 साठी आकारिक तेवढेच ठेवून संकलितमध्ये 37 लागतील. दुसरीने आकारिक 32 पर्यंत नेले तर संकलित 39 वरच ब-1 येते. तुमच्या मुलीचे आकारिक कमी असतील तर कोणते साधन राहिले तेही विचारा. ते गुण वर्षभर चालणाऱ्या कामाचे असतात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मिळवता येत नाहीत.

पत्र देऊन दहा दिवस झाले, उत्तर नाही. मुख्याध्यापकांकडे जावे का?

अजून नको. वर्गशिक्षकांकडे एकूण गुणांची नोंद असते, पण उत्तरपत्रिका विषयशिक्षकांकडे असतात. पत्र बहुधा तिथेच थांबले असेल. मुलाच्या दैनंदिनीत दोन ओळी लिहा आणि विषयशिक्षकांना दहा मिनिटे मागा. त्यानंतरही आठवडाभर काही कळले नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून पर्यवेक्षकांना भेटा. इतर मुलांचे गुण किंवा दुसऱ्या सत्राचे अंतर्गत गुण किती मिळतील याची हमी मात्र कुणाकडेही मागू नका. ते देणे शिक्षकांच्या हातात नाही आणि त्या एका ओळीपायी बाकीचे पत्रही अडकते.