दुपारच्या फोटोत सांज आणायची तर

फोटो काळोखा करून निळा रंग ओतला की संध्याकाळ होत नाही. दुपारच्या फोटोचं बिंग कडक सावल्या फोडतात. सूर्य मावळल्यावर उजेड सगळ्या आकाशातून येतो, त्यामुळे सावल्यांना धारच नसते. म्हणून आधी हायलाइट्स खाली आणि शॅडोज वर घेऊन फोटो मुद्दाम सपाट करा.

समजा, पांढऱ्या भिंतीच्या कौलारू घराचा रॉ फोटो आहे. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनवरून ४००० च्या आसपास आणा, टिंट किंचित मॅजेंटाकडे. मग कर्व्हचं उजवं वरचं टोक २५५ वरून साधारण १७० पर्यंत खाली ओढा आणि मधला भागही थोडा दाबा. डावं टोक मात्र तिथेच राहू द्या, नाहीतर कौलांखालचा तपशील काळ्यात बुडेल. निळ्या चॅनलच्या कर्व्हचं डावं टोक जरासं उचललं की सावल्या निळसर होतात.

आता भिंत आणि आकाश शेजारी ठेवून बघा. सांजवेळी आकाश भिंतीपेक्षा उजळ असतं. भिंतच जास्त चमकत असेल तर मास्क लावून ती आणखी उतरवा. खिडक्यांना वेगळा मास्क: केल्व्हिन ८००० च्या पुढे, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वर, म्हणजे आत दिवे लागल्यासारखे वाटतील. खरी जादू इथेच होते.

अंगणात माणसाची काळीकुट्ट सावली पडली असेल, तर तो फोटो सोडा. ढगाळ दुपारचा किंवा घराच्या सावलीकडच्या बाजूचा घ्या.