घरपट्टीच्या नोटिशीतलं क्षेत्रफळ आणि दर चुकलाय का, हे कसं ओळखायचं? (बेळगाव)

प्रश्न: "वडगावात आमचं जुनं घर आहे. महापालिकेची नोटीस आलीय, घरपट्टी एकदम वाढलीय. क्षेत्रफळ आणि दर बरोबर लावलाय का ते कसं बघायचं? नोटीस कन्नडमध्ये आहे."

उत्तर:

शेवटच्या ओळीतली रक्कम तूर्त बाजूला ठेवा. महसूल विभागातून आकारणीचा तपशील मागून घ्या, कारण नोटिशीत बहुतेक वेळा नुसता आकडा असतो आणि चूक त्याच्या आधीच झालेली असते. कन्नड वाचता येत नसेल तर पाच शब्द ओळखायला शिका: 'निवेशन' म्हणजे जागा, 'कट्टड' म्हणजे बांधकाम, 'विस्तीर्ण' म्हणजे क्षेत्रफळ, 'वास' म्हणजे राहण्यासाठी, 'वाणिज्य' म्हणजे व्यापारी. एवढ्यावर तपशील लागतो.

आता पद्धत. 2021-22 पासून, बेंगळुरू सोडून, कर्नाटकातल्या शहरांत घरपट्टी उपनिबंधक कार्यालयाच्या मार्गदर्शी किमतीशी, म्हणजे लोक ज्याला 'गायडन्स व्हॅल्यू' म्हणतात तिच्याशी, जोडली आहे. जागेची किंमत अधिक बांधकामाची किंमत (वयानुसार घसारा वजा करून), त्या बेरजेचे 25 टक्के हे करपात्र मूल्य, आणि त्यावर महापालिकेने ठरवलेला टक्का. राहत्या घराला टक्का कमी, व्यापारी वापराला जास्त. वर्षाला 3 ते 5 टक्के वाढ कायद्यातच आहे, तेवढ्याने वाढली असेल तर भांडण्यात अर्थ नाही. त्याहून जास्त उडी असेल तर कागद काढा.

आमच्या नात्यातल्या एका घराच्या बाबतीत काय झालं ते सांगतो, कारण वडगाव-शहापूरकडे हे बऱ्याच ठिकाणी होण्यासारखं आहे. जागा 30 बाय 40, म्हणजे 1,200 चौरस फूट. खाली 750 फूट बांधकाम, वर 500. तळमजल्यावर मागच्या बाजूला 15 बाय 20 ची खोली, तिथे पूर्वी यंत्रमाग होते. माग केव्हाच विकले, त्या खोलीत आता मुलाचा संसार आहे. तपशील हातात आला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. वरचा मजला खालच्याएवढाच धरून बांधकाम 1,500 फूट दाखवलं होतं, आणि तळमजला पूर्णच्या पूर्ण 'वाणिज्य'. मागाची नोंद फक्त एका खोलीची होती, ती पसरून अख्खा मजला झाली.

कुठल्या चुकीने किती फरक पडतो ते बघा. दर समजायला सोपे धरलेत, तुमच्या गल्लीचे वेगळे असतील: जागा 1,500 रुपये फूट, बांधकाम घसारा वजा जाऊन 1,000 रुपये फूट, राहत्या वापराला 0.5 टक्का, व्यापारी वापराला 1 टक्का.

बरोबर हिशेब असा: जागेचे 18 लाख, बांधकामाचे साडेबारा लाख, बेरीज 30 लाख 50 हजार. त्याचे 25 टक्के म्हणजे 7,62,500. त्यावर 0.5 टक्का, म्हणजे साधारण 3,813 रुपये.

नोटिशीप्रमाणे जागेचे तेच 18 लाख, बांधकामाचे 15 लाख, करपात्र मूल्य 8,25,000. त्यातलं निम्मं व्यापारी धरून कर होतो साधारण 6,188.

म्हणजे 2,375 रुपये जास्त. त्यात वाढीव 250 फुटांचा वाटा फक्त 312 रुपयांचा. उरलेले दोन हजारांवर 'वाणिज्य' या एका शब्दाने आले. लोक आधी टेप घेऊन भिंती मोजायला धावतात, पण वापराचा रकाना बघतच नाहीत. तुम्ही आधी तो बघा.

दुसऱ्या नंबरला जागेचा दर. मार्गदर्शी किमतीच्या यादीत हमरस्ता आणि आतली गल्ली यांचे दर वेगळे असू शकतात. तुमचं घर गल्लीत असून हमरस्त्याचा, समजा 2,500 चा, दर लागला तर याच जागेवर 12 लाखांची जादा किंमत चढते आणि राहत्या घराच्या टक्क्यानेही कर 1,500 रुपयांनी वाढतो. उपनिबंधक कार्यालयाच्या यादीत तुमच्या गल्लीची ओळ शोधा आणि तपशिलातल्या दराशी ताडून बघा. या किमती राज्यभर 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारल्यात, तेव्हा कुठल्या वर्षीची किंमत लावली तेही विचारा. बांधकामाचं वर्ष चुकीचं पडलं तर घसारा कमी मिळतो. जुन्या घराला नवं दाखवलंय का, ते तिथेच दिसेल.

क्षेत्रफळ तिसरं. जागेचं माप सिटी सर्वे उताऱ्यावरून घ्या. त्यावर ते चौरस मीटरमध्ये असतं आणि नोटिशीत बहुधा फुटांत ('चदर अडी'), म्हणून 10.764 ने गुणा. 111.5 चौरस मीटर म्हणजे 1,200 फूट. फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात पडला तर जागेची किंमत दहापटीहून जास्त होते, ती चूक लगेच डोळ्यात भरते. बांधकाम मात्र स्वतः मोजा, प्रत्येक मजला वेगळा, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. आणि हे मोजणं अर्ज देण्याआधी घरात बसून करा. मागे एखादी खोली काढली असेल आणि ती नोंदीत नसेल, तर फेरमोजणी मागून तुम्ही स्वतःच कर वाढवून घ्याल. असं झालेलंही पाहिलंय.

मुख्य करावर ग्रंथालय, आरोग्य, भिक्षुक असे उपकर टक्क्यांत लागतात. मूळ आकडा चुकला की तेही फुगतात, त्यामुळे त्यांच्याशी वेगळं भांडू नका. थकबाकी दाखवली असेल तर आधी भरलेली चलनं काढा, जमा झालेला भरणा नोंदवायचा राहून जातो.

अर्ज आयुक्तांच्या नावाने, महसूल विभागात. मराठीत दिला तर टेबलावर पडून राहण्याची शक्यता जास्त, हे कटू असलं तरी खरं आहे. कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या. 'कर फार आहे' असं मोघम लिहू नका. डावीकडे नोटिशीतला आकडा, उजवीकडे तुमचा, आणि पुढे पुरावा, असा तक्ता करा. आमच्याकडे माग बंद झाल्याचा पुरावा म्हणून हेस्कॉमचं औद्योगिक कनेक्शन बंद केल्याचा कागद आणि खोलीचे फोटो लावले. नुसत्या शब्दावर भागलं नाही, जागेवर येऊन माणूस बघून गेला तेव्हा वापर बदलला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्याच. नोटिशीत हरकतीची मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका.

भरणा थांबवायचा का? मी थांबवणार नाही. एप्रिलमध्ये भरलं की 5 टक्के सूट आहे, आणि जुलैपासून महिन्याला 2 टक्के दंड चढतो. अर्ज रेंगाळला तर दंडच वादाच्या रकमेहून मोठा व्हायचा. हरकत राखून भरत असल्याचं पत्र द्या आणि जादा रक्कम पुढच्या वर्षी वळती करायला सांगा.

दुरुस्ती झाली म्हणून नुसतं नवं चलन घेऊन येऊ नका. ई-खात्याचा उतारा परत काढून त्यात मजल्यांची मापं आणि वापर बदललाय का ते बघा, कारण पुढच्या वर्षीचं चलन त्याच नोंदीवरून निघतं.

हे सगळं महापालिका हद्दीतल्या घरांचं. कॅन्टोन्मेंटची आणि येळ्ळूरसारख्या ग्रामपंचायतींची आकारणी वेगळ्या नियमांनी होते, तिथे हा हिशेब लावू नका.