सात वर्षं झाली की माणूस ‘आपोआप’ मृत होतो का?

प्रश्न : माझे मिस्टर २०१७ च्या मे महिन्यात घरातून गेले, परत आले नाहीत. पोलिसांत मिसिंग दिलेली आहे. सगळे म्हणतात सात वर्षं झाली, आता कायद्याने मृतच धरतात. मुलगी अकरा वर्षांची आहे. मला एक चांगलं स्थळ आलंय. आधी घटस्फोट घेऊ की मृत्यूचा दाखला काढू? त्यांची विमा पॉलिसी आहे, आणि सासऱ्यांची शेती आहे. सासरे २०२० मध्ये वारले. दीर म्हणतात, दुसरं लग्न केलंस तर तुझा काही हक्क राहणार नाही.

उत्तर :

ताई, मी तालुका कोर्टात दिवाणी कामं करतो. अशी प्रकरणं संख्येने थोडी असतात, पण बायकांचं नुकसान त्यांत फार होतं, आणि ते बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्यामुळे होतं. म्हणून सविस्तर लिहितो.

‘आपोआप’ काही होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये (जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं) एवढंच म्हटलंय की, माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच मिळाली असती, त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. हे गृहीतक कोर्टापुढे प्रश्न उभा राहिला की लागू होतं, घरात बसून नाही. सात वर्षं मोजायची ती शेवटच्या खबरेपासून. ते २०१७ मध्ये गेले आणि २०१९ मध्ये त्यांनी एखाद्या मित्राला किंवा भावाला फोन केला असेल, तर मोजणी २०१९ पासून. दावा लावण्याआधी सासूबाईंना आणि दिरांना हे स्पष्ट विचारून घ्या. उलटतपासणीत असा एक फोन निघाला की दावा तिथेच बसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. माणूस मेला आहे असं कायदा गृहीत धरतो, पण कधी मेला हे गृहीत धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या प्रकरणात हे नि:संदिग्ध सांगितलं. प्रश्न कोर्टात आला त्या वेळी तो मृत होता, इतकंच गृहीत धरता येतं. गेला त्याच दिवशी मेला, किंवा सात वर्षं संपली त्या दिवशी मेला, असं म्हणायचं असेल तर ते म्हणणाऱ्याने पुराव्याने सिद्ध करायचं. तुमचे तिन्ही प्रश्न, विमा, जमीन आणि लग्न, या तारखेला येऊन अडकतात.

आधी विमा. त्या प्रकरणात बाईंनी नवरा बेपत्ता झाल्यावर हप्ते भरले नव्हते, पॉलिसी बंद पडल्या होत्या. बेपत्ता झाला त्या दिवशी मेला असं धरून पूर्ण रक्कम द्या, ही त्यांची मागणी मान्य झाली नाही, फक्त पेड-अप मूल्य मिळू शकलं. म्हणजे नवरा सापडत नसताना, घरात कमावणारं कोणी नसताना, हप्ते मात्र भरत राहायचे. मला हे निष्ठुर वाटतं, पण कायदा आज असाच आहे. एक हिशेब देतो. पाच लाखांची, वीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी असेल आणि सहाच वर्षांचे हप्ते भरून बंद पडली असेल, तर पेड-अप रक्कम ६/२० म्हणजे दीड लाख, आणि तोवर जमलेला बोनस. टर्म पॉलिसी बंद पडली असेल तर साधारणपणे काहीच नाही. तुमची पॉलिसी चालू असेल तर निकाल हातात येईपर्यंत एकही हप्ता चुकवू नका. बंद असेल तर शाखेत जाऊन स्टेटस रिपोर्ट लेखी घ्या, नाहीतर दाव्यात काय मागायचं तेच ठरणार नाही. अपघाती मृत्यूचा वाढीव लाभ धरून चालू नका. मृत्यू गृहीत धरला तरी अपघात गृहीत धरत नाहीत.

आता जमीन. आमच्याकडचं एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सासऱ्यांची स्वकष्टार्जित बारा एकर, मृत्युपत्र नाही. मागे सासू, दोन मुलगे. थोरला २०१४ पासून बेपत्ता, त्याची बायको आणि दोन मुलं. सासरे २०१८ मध्ये गेले. दावा २०२२ चा.

थोरला सासऱ्यांच्या आधी मेला असं धरलं, तर सासू चार एकर, धाकटा चार एकर, आणि थोरल्याची बायको-मुलं मिळून चार एकर. पण सासरे गेले तेव्हा थोरला हयात होता असं धरलं, तर ते चार एकर आधी त्याच्या नावे येतात आणि नंतर त्याच्या वारसांत वाटले जातात. हिंदू वारसा कायद्यात मुलाची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस आहे. मग त्या चार एकरांचे चार हिस्से होतात : आई, बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकी एक एकर. बायको-मुलांकडे तीनच एकर राहतात, सासूचे पाच होतात.

बाईंचं म्हणणं होतं की २०१४ चीच तारीख धरा, कारण दुचाकी नदीच्या पुलावर सापडली होती. पण पोलिसांच्या कागदात पुलावरून कोणी पडल्याचा साक्षीदार नव्हता, मृतदेह नव्हता. कोर्टाने दावा दाखल केल्याची तारीख धरली, आणि तीन एकर मिळाले. तुमचे सासरे २०२० मध्ये गेले, म्हणजे तुमचंही गणित याच वळणाने जाईल. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिस्से वेगळे पडतात, त्यामुळे जुने फेरफार काढून वकिलांना दाखवा.

दिरांचं म्हणणं चुकीचं आहे. विधवा म्हणून तुमच्याकडे आलेला हिस्सा नंतर दुसरं लग्न केलं म्हणून परत जात नाही. मुलीचा हिस्सा तर कशानेच जात नाही, तुम्ही घटस्फोट घ्या किंवा लग्न करा. मात्र ती अज्ञान असेपर्यंत तिचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते. सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना तिचं नाव अज्ञान पालनकर्त्यासह लागलं आहे का, हे डोळ्यांनी बघा. घाईत सही घेऊन ‘हक्कसोड’ करून घेण्याचे प्रकार फार होतात. सध्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

पण दिरांच्या बोलण्यात एक धोका खरोखर दडलेला आहे, आणि तो घटस्फोटात आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(सात) खाली, सात वर्षं नवऱ्याची खबर नाही, या कारणावर घटस्फोट मिळतो. समन्सऐवजी पेपरात नोटीस छापून येते, निकाल बहुधा एकतर्फी लागतो. अपिलाची ९० दिवसांची मुदत गेली, अपील झालं नाही, की लग्न करता येतं. उद्या ते परत आले तरी नुसत्या येण्याने घटस्फोट रद्द होत नाही. नोटीस नीट बजावली नव्हती, असं दाखवून त्यांनी तो निकालच फिरवला तर गोष्ट वेगळी. लग्नापुरतं बघितलं तर हा सगळ्यात पक्का रस्ता आहे.

मात्र घटस्फोट घेतलेली बाई विधवा नसते. घटस्फोट २०२५ चा आणि मृत्यूची तारीख धरली २०२६ ची, तर तुम्ही त्यांच्या वारसच नाही. वरच्या उदाहरणातला बायकोचा एक एकर गेला, बँकेतल्या पैशातला वाटा गेला. तेव्हा ‘ते आधीच मेले होते’ असं म्हणायला गेलात तर ते तुम्हालाच सिद्ध करावं लागेल, आणि घटस्फोटाचा अर्ज तर तुम्ही त्यांना नवरा म्हणून पक्षकार करून दिलेला असेल.

उलट मृत्यूच्या घोषणेचा दावा केला तर तुम्ही विधवा ठरता, हिस्सा मिळतो, लग्नही करता येतं. पण हे शेवटी गृहीतकच. ते जिवंत परत आले तर पहिलं लग्न मोडलेलंच नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या वैधतेवर प्रश्न येतो, आणि मिळालेली मालमत्ताही परत मागितली जाऊ शकते. फौजदारी बाजूने मात्र संरक्षण आहे : भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये सात वर्षांच्या बेपत्ता जोडीदाराचा अपवाद आहे. त्याची अट अशी की होणाऱ्या नवऱ्याला खरी परिस्थिती लग्नाआधी सांगितलेली असली पाहिजे. ती लेखी सांगा, त्यांची सही घ्या. आणि कोर्टाचा कुठलाच निकाल नसताना, नुसतं ‘सात वर्षं झाली’ म्हणून लग्न लावू नका. या अपवादाने शिक्षा टळते, लग्न वैध होत नाही.

माझं मत विचाराल तर, हिस्सा आणि विमा मिळून रक्कम मोठी असेल तर आधी घोषणेचा दावा, निकाल आणि वारस नोंद, मग लग्न. स्थळ थांबायला तयार नसेल आणि मिळण्यासारखं फारसं नसेल, तर सरळ घटस्फोट घ्या, आणि मुलीच्या वतीने तिच्या वडिलांच्या वारसाचा दावा स्वतंत्र लावा. दोन्ही एकदम लावू नका. एका अर्जात नवरा हयात आणि दुसऱ्यात मृत, हे विरोधी वकील पहिल्याच तारखेला दाखवून देतो.

दावा दिवाणी न्यायालयात, विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ खाली होतो. सासूबाई, दीर, मुलगी, विमा कंपनी, बँक आणि जन्म-मृत्यू निबंधक, सगळ्यांना पक्षकार करा. वगळलेला माणूस नंतर ‘हा निकाल मला बांधील नाही’ म्हणतो. सरकारला पक्षकार करायचं तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, ती आजच पाठवता येईल. नुसती ‘मृत घोषित करा’ एवढीच मागणी नको. वारस म्हणून तुमचा हक्क, मृत्यूची तारीख, आणि त्या तारखेने नोंद करून दाखला देण्याचा निबंधकांना आदेश, हे तिन्ही मागा. निकालात तारीख लिहिलेली नसेल तर निबंधक कार्यालय अर्ज परत करतं, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्टात हेलपाटे.

पुराव्यात सगळ्यात वजन मिसिंगच्या नोंदीला आणि ‘शोध लागला नाही’ या पोलिसांच्या लेखी अहवालाला. हा अहवाल पोलीस आपण होऊन देत नाहीत, पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज करून पोच घ्यावी लागते. त्याच्या जोडीला ते गेल्यापासून व्यवहार नसलेलं त्यांचं पासबुक, तेव्हा छापलेली ‘हरवले आहेत’ची जाहिरात, आणि माहेर-सासर दोन्हीकडचा एकेक साक्षीदार. सासूबाईंनी स्वतः ‘मुलाची काही खबर नाही’ असं सांगितलं तर दुसऱ्या साक्षीची फारशी गरजच उरत नाही. त्या आई आहेत. ‘मेला’ हे शब्द त्यांच्याकडून येणार नाहीत आणि कायद्यालाही ते लागत नाहीत. काही घरं बारा वर्षं वाट बघून मगच क्रियाकर्म करतात. त्यांचा तसा आग्रह असेल तर असू द्या, दाव्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि हे त्यांना समजावलं तर बऱ्याचदा त्या साक्षीला तयार होतात.

बँकेत रक्कम लहान असेल तर कोर्टापर्यंत जावंही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे यासाठी एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत पोलिसांचा अहवाल आणि हमीपत्र यांवर पैसे देता येतात. शाखेत ही मर्यादा विचारा. मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सात वर्षं थांबायचं नसतं, पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी अर्ज करता येतो. तसं असेल तर इथेच कळवा, त्याचे कागद वेगळे आहेत. पॉलिसी चालू आहे की बंद, आणि जमीन सासऱ्यांनी घेतलेली की वडिलोपार्जित, हेही लिहा. त्यावरून आधी कुठला अर्ज टाकायचा ते नेमकं सांगता येईल.