‘ने’ कुठे लावायचा, कुठे नाही

तुम्ही हिंदीत लिहिलेल्या बाजाराच्या गोष्टीतलं ‘मैं सब्ज़ी खरीदी’ आधी बघू. मराठीत ‘मी भाजी घेतली’ म्हणताना ‘मी’ला काही लागत नाही, म्हणून हिंदीतही ‘ने’ सुटतो. ‘मैंने सब्ज़ी खरीदी’ लिहा. ‘खरीदी’ हे सब्ज़ीच्या लिंगाप्रमाणे बरोबरच आहे.

खरी अडचण ‘मैंने थैली लाई’ इथे आहे. ‘मी पिशवी आणली’ डोक्यात असल्यामुळे हे अगदी सहज लिहिलं जातं. पण ‘लाना’ सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाही, त्यामुळे ते कर्त्याप्रमाणे चालतं. सांगणारा पुरुष असेल तर ‘मैं थैली लाया’, स्त्री असेल तर ‘मैं थैली लाई’.

शेवटचं ‘मैंने लड़की को बुलाई’: कर्त्याला ‘ने’ आणि प्रत्यक्ष कर्माला ‘को’ लागला की क्रियापद कुणाशीच जुळत नाही, तिथे ‘बुलाया’च हवं.