‘आमचं खुळं’ आणि ‘तू खुळा’: वाढदिवसाच्या मेसेजमधली गंमत

प्रश्न: “जिगरी दोस्ताचा वाढदिवस आहे, मेसेजमधे मस्त खेचायचीय पण त्याला लागायला नको. आमच्या बेळगावकडं खुळं, ध्यान, बेणं असलं सर्रास बोलतात, ते लिहून स्टेटसला टाकलं तर चालतंय काय?”

चालतंय की! पण यातले तीन शब्द एकाच वजनाचे नाहीत, आणि शब्दापेक्षा वाक्य कसं बांधलंय त्यावर जास्त अवलंबून असतं.

आधी ‘खुळं’ घ्या. “तू खुळा आहेस” असं लिहिलं तर तो सरळ आरोप झाला, समोरचा माणूस आणि त्याच्यावर मारलेला शिक्का. तेच “आमचं खुळं आज तीस वर्षांचं झालं” म्हटलं की सगळा सूर बदलतो, कारण इथं दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे ‘आमचं’, म्हणजे जे काय आहे ते आमच्या घरातलं, आम्हीच संभाळणार. दुसरं नपुंसकलिंग. मराठीत पोर, लेकरू, बाळ, पिल्लू ही सगळी नपुंसकलिंगी, त्यामुळं तिशीतल्या दाढीवाल्या गड्याला “झालं, आलं, बसलं” म्हटलं की तो आपोआप लेकरांच्या रांगेत जाऊन बसतो आणि लेकराच्या खुळेपणावर कोण रागावत नाही. फक्त एकदा नपुंसकलिंग धरलं की त्या वाक्यात शेवटपर्यंत सोडायचं नाही. “आमचं खुळं आज तीस वर्षांचा झाला” असं मधेच लिंग बदललं की लाड संपतो आणि नुसतं खुळं उरतं.

‘ध्यान’ तर सगळ्यात बिनधोक. अभंगात विठोबाच्या रूपाला ध्यान म्हणतात, तोच शब्द आपण इस्त्री नसलेला शर्ट आणि दोन वेगळ्या चपला घालून आलेल्या मित्राला लावतो. म्हणजे टोमणा त्या दिवसाच्या अवताराला बसतो, माणसाला नाही, उद्या नीट कपडे घातले की संपलं.

‘बेणं’ मात्र जपून. बेणं म्हणजे लावणीसाठी ठेवलेलं बी, उसाची कांडी, आपल्या भागात शेतकऱ्याच्या घरी रोजचा शब्द. माणसाला ‘इरसाल बेणं’ म्हटलं की नकळत ‘कुठल्या उसाचं’ हा प्रश्न मागून येतो, म्हणजे बोट आईबापाकडं जातं. चौघं मित्र कट्ट्यावर असताना ते कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण स्टेटस त्याचे वडील आणि सासरे पण बघतात.

आता मेसेज. खूप जण लिहितात तसा हा नमुना बघा: “टकल्या, तिशी आली तरी ना लग्न ना नोकरी, हॅपी बड्डे बे!” यात टक्कल, लग्न, नोकरी, तिन्ही गोष्टी त्याच्या हातात नाहीत आणि तिन्हींवरून घरात त्याला आधीच ऐकावं लागत असणार. वर हसायचं कारण एकही नाही, नुसती यादी आहे. खेचायला घ्यावी ती त्याची सवय, जी तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगत असतो. समजा तो कायम उशिरा येतो. मग असं:

“आमचं खुळं आज तीस वर्षांचं झालं! ‘आलो गा, गोगटे सर्कलला पोचलो’ म्हणून फोनवर सांगतंय तेव्हा अजून घरात टॉवेल शोधत असतंय. पण रात्री दोनला गाडी बंद पडली म्हणून फोन केला तर पंधरा मिनिटात दोरी घेऊन हजर झालेलं ध्यान पण हेच. हॅपी बड्डे गा भावा. केक आठला कापणार, म्हणून तुला सातचा टाइम दिलाय. कुंदा आम्ही आणतो, तू फक्त ये.”

इथं दोन गोष्टी बघा. कौतुक वेगळं चिकटवलेलं नाही, उशिराच्याच सवयीतून ते निघालंय, म्हणून खोटं वाटत नाही. आणि पहिला अर्धा भाग ‘ते’मधे आहे, म्हणजे चारचौघात त्याच्याबद्दल गप्पा चालल्यात, आणि ‘हॅपी बड्डे गा’पासून एकदम ‘तू’ येतो, म्हणजे आता त्याच्याकडं तोंड करून बोलणं. तो वळण घेतानाचा ‘गा’ काढू नका, “हॅपी बड्डे भावा” एवढंच राहिलं तर ते कुणीही कुणालाही पाठवेल.

एक अडचण आपल्याकडंच येते. दोस्त कन्नड घरातला असेल आणि मराठी त्याला बोलण्यापुरती येत असेल तर हे ‘झालं-आलं’ त्याला नीट लागू होईलच असं नाही, कारण कन्नडमधे ‘अदु’, म्हणजे आपलं ‘ते’, हे जनावराला, वस्तूला लावतात, मोठ्या माणसाला लावलं तर मान कमी केल्यासारखं वाटू शकतं. तो रोज तुमच्यात बसून असलं ऐकत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर सगळा मेसेज सरळ ‘तू’मधे लिहा, ‘खुळं’ गाळा, टॉवेल आणि दोरी तेवढी ठेवा.